स्रोत दिला, पण शब्द कोणाचे?

तक्त्याचं शीर्षक आणि आकृतीखालची ओळ मूळ अहवालात असेल तशीच उतरवावी, खाली स्रोत लिहावा आणि पुढे जावं, हा सल्ला आपल्याकडे प्रबंधाच्या मार्गदर्शकांपासून मासिकांच्या संपादकीय टेबलापर्यंत सगळीकडे मिळतो. देणारे तो प्रामाणिकपणाच्या नावाने देतात. शीर्षक बदलणं म्हणजे मूळ लेखकाच्या कामात ढवळाढवळ, असं त्यांचं म्हणणं. आकडे त्यांचे, तर आकड्यांचं नावही त्यांचंच राहू द्या. आपण कोण लागून गेलो त्यात फेरफार करणारे? हा युक्तिवाद ऐकायला नम्र वाटतो, पण माझ्या मते तो मुळातच चुकतो. कसा ते एका तक्त्यावर दाखवतो, कारण हवेत बोलून हा वाद मिटणारा नाही.

विषय घेऊ लहान मुलांमधल्या ॲनिमियाचा. त्यावर लिहिणारा माणूस राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाकडे जातो. हे सर्वेक्षण मुंबईतली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था करते. त्याच्या पाचव्या फेरीची, म्हणजे २०१९-२१ ची, देशाची तथ्यपत्रिका उघडली की एका भागाचा मथळा दिसतो: मुले आणि प्रौढांमधील ॲनिमिया. त्याखाली ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांची ओळ आहे. प्रति डेसिलिटर ११ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असलेली मुलं चौथ्या फेरीत (२०१५-१६) ५८.६ टक्के होती, पाचव्या फेरीत ६७.१ टक्के. लेखकाला आणखी एक आकडा हाताशी हवा असतो. तो त्याला सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मिळतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६-१८ मध्ये केलेल्या या पाहणीत १ ते ४ वर्षांच्या मुलांमध्ये ॲनिमिया ४१ टक्के आढळला होता. तिन्ही आकडे सरकारी, तिन्ही छापील, तिन्ही विश्वासार्ह. लेखक ते वर्षांच्या क्रमाने एकाखाली एक लावतो, वर मूळ मथळा उतरवतो आणि खाली दोन्ही सर्वेक्षणांची नावं लिहितो. आता वाचकाच्या पुढ्यात येतं ते असं:

तक्ता २: मुले आणि प्रौढांमधील ॲनिमिया
५८.६, मग ४१, मग ६७.१.
स्रोत: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण

यात एकही आकडा चुकलेला नाही. श्रेयही पूर्ण दिलं आहे. तरीही तक्ता वाचकाला फसवतो. वाचणाऱ्याला दिसतं की देशातला ॲनिमिया दोनेक वर्षांत सतरा-अठरा टक्क्यांच्या अंतराने खाली आला आणि लगेच सव्वीसेक टक्क्यांनी उसळला. असं काही घडलेलं नाही. पहिला आणि तिसरा आकडा मुलांच्या बोटाला सुई टोचून घेतलेल्या थेंबावरून आला आहे; तो थेंब हातात मावणाऱ्या छोट्या यंत्रात तिथल्या तिथे तपासला जातो. मधला आकडा शिरेतून काढलेल्या आणि प्रयोगशाळेत तपासलेल्या रक्ताचा आहे. बोट दाबून थेंब काढला की रक्तात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं, हिमोग्लोबिन पातळ होतं आणि आजारी नसलेलं मूलही रेषेखाली जाऊ शकतं. शिवाय वयोगट वेगळे. ६ ते ११ महिन्यांची मुलं पोषण सर्वेक्षणाच्या आकड्यात नाहीतच, आणि नेमकं त्याच वयात वरचं अन्न सुरू होतं, लोह कमी पडतं. ‘प्रौढ’ शब्द मथळ्यात आहे, तक्त्यात प्रौढ कोणीच नाहीत.

आता गंमत पाहा. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तथ्यपत्रिकेत याची सूचना आहे. ॲनिमियाच्या ओळीतल्या शब्दावर एक बारीक अंक चिकटलेला असतो आणि पानाच्या तळाशी त्याची टीप असते: आमच्याकडे बोटातलं रक्त वापरलं आहे, तेव्हा शिरेतलं रक्त वापरणाऱ्या सर्वेक्षणांशी आमचे निकाल ताडून पाहू नका, अशा अर्थाची. म्हणजे मूळ लेखकांनी हे आधीच बजावून ठेवलं होतं. मग ते सुटलं कसं? मथळा उतरवणाऱ्याने मथळाच उतरवला, टीप नाही. मूळ कागदावर मथळा, स्तंभांची नावं, बारीक अंक आणि तळटीप मिळून एकच विधान करतात. त्यातला फक्त वरचा तुकडा कापून आपल्या पानावर डकवला, तर निष्ठा दिसते, पण उरतं ते अर्धं विधान. (पीडीएफमधून ओळ उचलणाऱ्यांच्या तक्त्यात तो बारीक अंक कधी कधी शब्दाला चिकटून मोठा होतो आणि ‘ॲनिमिया२२’सारखं काहीतरी छापून येतं. असं दिसलं की समजावं, लेखकाने टीप वाचलेली नाही.)

हाच तक्ता नव्या शीर्षकाने लिहायला बसा. पहिलाच प्रश्न येतो की हा तक्ता दाखवतो तरी काय. मुलांमधला ॲनिमिया? कोणत्या वयाच्या मुलांमधला? आणि ‘कोणत्या वयाच्या’ लिहायला गेलं की दोन वयोगट आहेत हे लपवता येत नाही. मग ‘किती’ची व्याख्या येते, मग मोजलं कसं हे येतं. शीर्षक लिहिता लिहिता तक्ता स्वतःच आपली भेग दाखवतो. मी ते असं लिहीन:

तक्ता २: भारतातील लहान मुलांमधील ॲनिमिया (हिमोग्लोबिन प्रति डेसिलिटर ११ ग्रॅमपेक्षा कमी), टक्के, तीन पाहण्या, रक्त घेण्याच्या दोन पद्धती
टीप: २०१५-१६ आणि २०१९-२१ च्या ओळींत ६ ते ५९ महिन्यांची मुले, बोटातला थेंब. २०१६-१८ च्या ओळीत १ ते ४ वर्षांची मुले, शिरेतले रक्त. ही ओळ इतर दोन ओळींशी थेट ताडू नये.
आकडे: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ४ व ५, भारताची तथ्यपत्रिका, सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण, अहवाल. निवड, मांडणी आणि शीर्षक लेखकाचे.

यात शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि नेमकं तेच आपल्याकडे कोणी लिहीत नाही. आकडे कोणाचे आणि ते शेजारी-शेजारी बसवण्याची जबाबदारी कोणाची, हे ते वेगळं करून सांगतं. जुन्या मथळ्याखाली माझी मांडणी ठेवली, तर माझी चूक सर्वेक्षणाच्या नावावर खपते. सर्वेक्षण करणाऱ्यांनी हे तीन आकडे एका तक्त्यात कधीच ठेवले नसते. त्यांनी ठेवू नका म्हणूनच सांगितलं होतं. ‘मूळ लेखकाच्या कामात ढवळाढवळ’ म्हणायचीच असेल तर ती ही.

दुसरा मुद्दा शब्दांचा. प्रतिपक्षाचं म्हणणं की स्रोत दिला, मग चोरी उरली कुठे? इथे एक साधी गोष्ट नजरेआड होते. तक्त्याखालची ‘स्रोत’ ओळ वाचक आकड्यांपुरती वाचतो. ‘स्रोत: अमुक सर्वेक्षण’ पाहून कोणी असं मानत नाही की वरचं वीस शब्दांचं वाक्यही त्याच अहवालातून आलं आहे. ते वाक्य लेखकाचंच समजलं जातं. दुसऱ्याचं वाक्य शब्दशः वापरायचं, तर मराठीत त्यासाठी अवतरणचिन्हं आहेत. शीर्षकाला ती लावलेली मी क्वचितच पाहिली आहेत, आणि लावली तर पान विचित्र दिसतं हेही खरं. ते विचित्र दिसतं याचाच अर्थ की तक्त्याचं शीर्षक ही उद्धृताची जागा नव्हे.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविषयक नियम पुष्कळदा ढालीसारखे पुढे केले जातात. श्रेय दिलेला मजकूर साम्यतपासणीतून वगळतात, असं सांगितलं जातं. नियम नीट वाचा. वगळायचा आहे तो आवश्यक परवानगी किंवा श्रेयासह ‘उद्धृत’ केलेला मजकूर. अवतरणाशिवाय उतरवलेलं शीर्षक उद्धृत होत नाही. त्याच नियमांत सर्वसामान्य ज्ञानाचे किंवा योगायोगाने जुळणारे शब्द वगळताना सलग १४ शब्दांची मर्यादा आहे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या मोठ्या अहवालातली कुपोषणाच्या तक्त्यांची शीर्षकं पाहा: पाच वर्षांखालील मुलं, तीन मापं, वयानुसार उंची, उंचीनुसार वजन, वयानुसार वजन, पार्श्वभूमीच्या वैशिष्ट्यांनुसार, राज्य, वर्ष. मूळ इंग्रजीत हे चौदा शब्दांत बसत नाही, कितीतरी पुढे जातं. मराठीत शब्दाला शब्द ठेवून आणलं तर यंत्राला सापडणार नाही, एवढाच फरक. यंत्राला न सापडणं ही माझ्या लेखी काही सोय नाही.

यावरून एक उपद्रवही सुरू झाला आहे, तोही सांगायला हवा. साम्याचा टक्का उतरवण्यासाठी काही जण शीर्षकातले शब्द समानार्थी शब्दांनी बदलतात. ‘बुटकेपणा’ची जागा ‘कुपोषण’ घेते, ‘लुकडेपणा’चीही ‘कुपोषण’च घेते. अंगणवाडी सेविकेला विचारा, ती सांगेल की वयाच्या मानाने उंची न वाढलेलं मूल वेगळं आणि उंचीच्या मानाने वजन घसरलेलं मूल वेगळं. दुसऱ्याला आज तातडीने उपचार लागू शकतो, पहिल्याचं नुकसान वर्षानुवर्षांचं असतं. हा शब्दबदल नक्कल करण्यापेक्षा वाईट, कारण नक्कल निदान व्याख्या तरी शाबूत ठेवते. नव्याने लिहिणं म्हणजे शब्दांची अदलाबदल नव्हे. व्याख्येचे शब्द हलवायचे नसतात; वयोगट, एकक, सीमारेषा, वर्ष, ठिकाण, कोणापैकी किती टक्के, हे जसंच्या तसं राहतं. ते कोणाच्या मालकीचंही नाही. बदलतो तो रोख: माझ्या लेखात हा तक्ता कशासाठी आला आहे.

मालकीचा प्रश्न आपल्या न्यायालयापुढेही जवळजवळ याच स्वरूपात आलेला आहे. ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ या खटल्यात वाद होता तो सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा. निकालाचा मूळ मजकूर सर्वांचा. पण निकाल छापणारे प्रकाशक त्यावर शीर्षटिपा लिहितात, परिच्छेद पाडतात, कोणते न्यायाधीश सहमत आणि कोणते असहमत याच्या नोंदी करतात. प्रतिवादींनी ते साहित्य सीडीवर आणलं, असा दावा. खालपासून चालत आलेल्या आदेशाचं सूत्र असं होतं की प्रतिवादींनी निकालाचा मजकूर खुशाल विकावा, पण शीर्षटिपा स्वतःच्या लिहाव्यात, त्या वादीच्या शीर्षटिपांची नक्कल नसाव्यात. डिसेंबर २००७ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या मेहनतीवर हक्क मिळत नाही असं म्हटलं, आणि जिथे संपादकाचं कौशल्य आणि निवड लागली आहे, असे परिच्छेद आणि नोंदी यांना संरक्षण दिलं. वकील मंडळी या निकालाचे बारकावे माझ्यापेक्षा चांगले सांगतील. मला त्यातली विभागणी हवी आहे: आकडे निकालासारखे, शीर्षक शीर्षटिपेसारखं. आकडे घ्या, श्रेय द्या, शीर्षटीप आपली लिहा. श्रेय दिल्याने शीर्षटिपेची नक्कल करण्याची मुभा मिळते असं त्या सूत्रात कुठेही नाही.

आकृत्यांबाबत मला फार लिहावंसं वाटत नाही, कारण तिथे नकलेची फजिती उघड दिसते. मूळ आकृतीत चार चौकटी असतात, लेखक त्यातली एक घेतो आणि ओळ मात्र चारींची छापतो. किंवा ओळ सांगते ‘लाल रेषा ग्रामीण, निळी रेषा शहरी’ आणि प्रबंध काळ्या-पांढऱ्यात झेरॉक्स होऊन आलेला असतो. दोन्ही रेषा राखाडी. असा प्रबंध तपासताना परीक्षकाला पुढची पानं वाचण्याची इच्छा किती राहते हे मी सांगायला नको.

आता प्रतिपक्षाला जे द्यायला हवं ते देतो. नव्याने लिहिण्यात खरा धोका आहे, तो म्हणजे शीर्षकात निष्कर्ष घुसवण्याचा. महाराष्ट्राचंच उदाहरण. पाच वर्षांखालच्या मुलांमधला बुटकेपणा चौथ्या फेरीत ३४.४ टक्के होता, पाचव्या फेरीत ३५.२. लेखकाने शीर्षक दिलं, ‘महाराष्ट्रात बुटकेपणा वाढला’. सर्वेक्षण नमुन्यावर चालतं. निवडलेल्या घरांवरून राज्याचा अंदाज बांधलेला असतो. अशा अंदाजात पॉइंट आठ टक्क्यांचा फरक म्हणजे ‘जवळजवळ तेवढाच’ इतकंच म्हणता येतं. लुकडेपणा तर दोन्ही फेऱ्यांत २५.६ टक्केच आहे. हे शीर्षक मूळ अहवालाने कधीच लिहिलं नसतं आणि खाली स्रोत म्हणून त्याचंच नाव आहे. अशा वेळी जुनं कोरडं शीर्षक परवडलं असं कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पण याचा इलाज शीर्षक चांगलं लिहिणं हा आहे. ‘महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांमधील बुटकेपणा, २०१५-१६ आणि २०१९-२० दरम्यानच्या दोन पाहण्या’ असं लिहिलं तर काय बिघडतं? वाढला की नाही हे परिच्छेदात सांगा, तिथे ‘पण’ आणि ‘तरी’ लिहायला जागा असते. शीर्षकात ती नसते. वर्षाबद्दलही दक्षता हवी: पाचव्या फेरीवर ‘२०१९-२१’ असं छापलेलं असतं, पण महाराष्ट्रातलं घरोघरचं काम २०१९ च्या दुसऱ्या सहामाहीत झालं, म्हणजे कोविडच्या आधी. मूळ शीर्षकातलं वर्ष तसंच उचलून ‘टाळेबंदीनंतरचं कुपोषण’ अशा लेखाला जोडलं, तर काय होईल? वर मी लिहिलेलं ‘२०१९-२०’ही या कसोटीला उतरत नाही, असं कुणी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल. ‘२०१९’ लिहावं. शीर्षक स्वतः लिहिलं की असे आक्षेप घेता येतात आणि दुरुस्त करता येतात. उतरवलेल्या शीर्षकावर आक्षेप घ्यायचा कोणाकडे?

काही ठिकाणी मात्र मूळ शब्दांना हात लावू नये, हेही मान्य. जुना नकाशा किंवा शंभर वर्षांपूर्वीचा जनगणना-तक्ता हाच अभ्यासाचा विषय असेल, त्या काळच्या अधिकाऱ्याने लोकांना कोणत्या नावांनी वर्गीकृत केलं हे दाखवायचं असेल, तर शीर्षक अवतरणात, अक्षरशः, चुकीसकट द्यावं आणि वर आपलं वेगळं शीर्षक लिहावं. कायद्याच्या परिशिष्टांचंही तसंच. आणि प्रकाशकाकडून परवानगी घेऊन आख्खी आकृती छापली असेल, तर परवानगीच्या पत्रात श्रेयाची ओळ कशी लिहावी हे बहुधा शब्दशः दिलेलं असतं. ती तशीच छापावी लागते. माझा संशय असा की ‘शब्दाला हात लावू नका’ हा सगळा दंडक इथूनच आला. श्रेयओळीबद्दलची अट कोणीतरी शीर्षकापर्यंत ताणली, आणि पुढे तीच शिस्त म्हणून शिकवली गेली. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याच्या आकृत्यांना तर उलटा नियम आहे: बदल केला असेल तर केला आहे असं सांगा. ‘अमुक यांच्या आकृतीवरून, दोन चौकटी वगळून, रंग बदलून’ एवढं लिहिलं की झालं. बदल करून केवळ ‘स्रोत’ लिहिला आणि मूळ ओळ ठेवली, तर तिथे श्रेय असूनही अट मोडते.

उरतो एक आक्षेप, आणि तोच सगळ्यात सशक्त आहे. शीर्षक बदललं तर वाचकाला मूळ तक्ता सापडणार कसा? परीक्षकाला ताडून पाहायचं असेल तर? शीर्षक ही मूळ तक्त्यापर्यंत पोचण्याची वाट आहे, ती बुजवू नका, असं म्हणतात. पण ज्यांनी कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे दोन राज्यांचे अहवाल शेजारी ठेवून पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे की त्यांतल्या तक्त्यांची शीर्षकं एकाच साच्यातली असतात. बदलतं ते राज्याचं नाव आणि वर्ष. तेच शीर्षक शोधलं तर गुजरातचा, बिहारचा, केरळचा तक्ता सापडेल, मागच्या फेरीचाही सापडेल. मूळ तक्त्यापर्यंत नेतात त्या गोष्टी वेगळ्या: अहवालाचं पूर्ण नाव, फेरी, राज्य, तक्त्याचा क्रमांक आणि पान. त्या स्रोताच्या ओळीत लिहिल्या की परीक्षक अर्ध्या मिनिटात तिथे पोचतो. आपल्याकडच्या बहुतेक प्रबंधांत शीर्षक अक्षरशः उतरवलेलं असतं आणि तक्त्याचा क्रमांक नसतो, पानही नसतं. वाट बुजवण्याची काळजी असणाऱ्यांनी आधी ते मागावं.